वर्डल: एकाच अक्षराचा एक चौकोन करडा आणि एक हिरवा, तर अक्षर आहे की नाही?

सुमेधा_रामबाग

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहिते आहे. माझी भाची पुण्याला असते. तिने मला वर्डल शिकवायचं मनावर घेतलंय. रोजच्या खऱ्या कोड्याला हात लावण्याआधी सराव व्हावा म्हणून तिने स्वतःच्या मनातला शब्द भरून एक कोडं पाठवलं. नियम तिने फोनवर सांगितले. हिरवा म्हणजे अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर. पिवळा म्हणजे अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली. करडा म्हणजे ते अक्षर शब्दात नाही. इतकं सोपं वाटलं होतं.

पहिला शब्द RAISE टाकला. पहिली चार अक्षरं करडी, शेवटचा E पिवळा. म्हणजे E आहे, पण शेवटी नाही. हे कळलं.

दुसऱ्यांदा E जागा बदलून बघावा म्हणून LEVEL टाकला. तर असं आलं:

⬛⬛⬛🟩🟩

आता पहिला L करडा आणि शेवटचा L हिरवा. दुसऱ्या घरातला E करडा आणि चौथ्या घरातला हिरवा. करडा म्हणजे शब्दात नाही, हा नियम खरा असेल तर L आहे की नाही? भाचीला विचारलं तर "आत्या, सोड ना, हिरवं धर" म्हणाली. पण असं कसं सोडायचं? मला कारण हवंय.

पोहे_जलेबी

काकू, तुमचा पहिलाच शब्द चुकतोय. RAISE पेक्षा CRANE किंवा SLATE घ्या. मी ADIEU ने सुरुवात करायचो, चार स्वर एकदम तपासले जातात. पण पुढे व्यंजनं शोधताना दमछाक होते, म्हणून सोडला. आता SLATE वर पक्का आहे. सुरुवात चांगली झाली की पुढचं आपोआप जमतं.

सुमेधा_रामबाग

धन्यवाद, पण माझा प्रश्न सुरुवातीच्या शब्दाचा नाही. एकाच ओळीत एका अक्षराला दोन रंग का मिळाले, ते मला समजून घ्यायचंय.

भिया_सुदामानगर

सोपं आहे मावशी. गेम डावीकडून उजवीकडे वाचत जातो. उत्तरात एकच L असेल तर पहिला जो L भेटेल त्याला रंग मिळतो आणि पुढचा करडा होतो. मी रोज खेळतो, कायम असंच होतं.

सुमेधा_रामबाग

मग माझा पहिला L करडा आणि शेवटचा हिरवा कसा? तुमच्या म्हणण्याप्रमाणे उलटं व्हायला हवं होतं.

भिया_सुदामानगर

हां, ते बघावं लागेल. पण पिवळ्यांच्या बाबतीत मी बरोबर आहे, हे नक्की.

निवृत्त_गणित

सुमेधाताई, तुम्ही कारण विचारलंत, बरं केलंत. बहुतेक लोक हिरवं धरून पुढे जातात आणि करड्या चौकोनात दडलेली अर्धी माहिती तिथेच टाकून देतात.

भिया, तुमचं म्हणणं पिवळ्यापुरतं बरोबर आहे. फक्त त्याच्या आधीची एक पायरी राहिली. रंग दोन फेऱ्यांत ठरतात. पहिल्या फेरीत गेम फक्त हिरवे शोधतो. पाचही घरं तपासतो आणि जिथे तुमचं अक्षर आणि उत्तरातलं अक्षर जुळतं तिथे हिरवा देतो. उत्तरातलं ते अक्षर तिथे खर्ची पडलं. दुसऱ्या फेरीत उरलेली घरं डावीकडून उजवीकडे बघतो. तुमचं अक्षर उत्तरात अजून शिल्लक असेल तर पिवळा, नसेल तर करडा.

रेल्वेच्या डब्यासारखं समजा. ज्याच्या तिकिटावर नेमका तोच बर्थ लिहिला आहे तो आधी बसतो, मग तो रांगेत कितीही मागे असो. उरलेले बर्थ वेटिंग लिस्टच्या क्रमाने वाटले जातात. बर्थ संपले की राहिलेल्यांना जागा नाही.

आता तुमचा LEVEL. पाचव्या घरातला L जागेवर जुळला, हिरवा झाला. उत्तरात L एकच होता, तो तिथे संपला. पहिल्या घरातल्या L ला द्यायला काही उरलं नाही, म्हणून करडा. E चंही तसंच.

तेव्हा "करडा म्हणजे अक्षर शब्दात नाही" हे वाक्य अपुरं आहे. करडा म्हणजे या अक्षराची आणखी प्रत शब्दात नाही. शब्दात ते एकदाच टाकलं असेल तर दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच होतो, म्हणून कुणाला फरक जाणवत नाही. ते दोनदा टाकलं की फरक उघड होतो.

सुमेधा_रामबाग

अहाहा, "आणखी प्रत नाही". आता बसलं. म्हणजे या एका ओळीवरून मला कळलं की उत्तरात E एकच आहे आणि L ही एकच आहे?

निवृत्त_गणित

नेमकं तेच. आणि ही माहिती मोठी आहे. करडा चौकोन मिळाला नसता तर ती कधीच मिळाली नसती.

उलट बाजूही बघा. तुमच्या भाचीचा शब्द WHEEL असता तर LEVEL ला काय रंग आले असते? चौथा E हिरवा, पाचवा L हिरवा. पण WHEEL मध्ये तिसऱ्या घरात अजून एक E शिल्लक आहे, म्हणून तुमचा दुसऱ्या घरातला E पिवळा झाला असता: ⬛🟨⬛🟩🟩. तुम्हाला तिथे करडा मिळाला, म्हणून WHEEL बाद. STEEL, KNEEL, EXPEL हेही त्याच कारणाने बाद. STEEL चा S तर RAISE नेच उडवला होता, ते वेगळं.

भिया_सुदामानगर

काका, पटलं. माझ्या डोक्यात जो नमुना होता तो असा असावा. याच उत्तरावर GEESE टाकला तर एकही E जागेवर नाही. मग पहिला E पिवळा, पुढचे दोन करडे. तिथे डावीकडचा जिंकतो. बरोबर ना?

निवृत्त_गणित

अगदी बरोबर: ⬛🟨⬛⬛⬛. आणि इथे नवीन माणूस हमखास फसतो. पिवळा दुसऱ्या घरात आला, म्हणून तो म्हणतो की E दुसऱ्या घरात नाही, तिसऱ्यात किंवा पाचव्यात ठेवून बघू. पण तिसऱ्या आणि पाचव्या घरात E खरोखर असता तर पहिल्या फेरीत तिथेच हिरवा आला असता. करडा आला, म्हणजे तिथेही तो नाही. पिवळा असो वा करडा, "इथे नाही" हे दोघेही सांगतात. तेव्हा E फक्त पहिल्या किंवा चौथ्या घरात असू शकतो. एका ओळीतून किती मिळालं बघा: E आहे, एकच आहे आणि दोनपैकी एका घरात आहे.

अनघा_बडोदा

मी बडोद्याची, नेहमी वाचनमात्र असते. माझं उलटंच झालं होतं, ते इथे सांगते. माझे R, O, B आणि शेवटचा T हिरवे होते, फक्त चौथं घर रिकामं. A, E, I, U चारही करडे झालेले. मला वाटलं आता इथे बसेल असा स्वरच उरला नाही, कोड्यातच काहीतरी गडबड आहे. शेवटी उत्तर ROBOT निघालं. O हिरवा झाला म्हणून तो "झाला" असं मी धरून चालले होते.

निवृत्त_गणित

अनघाताई, तुमचं उदाहरण सुमेधाताईंच्या उदाहरणाची दुसरी बाजू आहे. हिरवा किंवा पिवळा एकटा आला तर तो "किमान एक" इतकंच सांगतो. दुसरी प्रत आहे की नाही, याबद्दल तो काहीही बोलत नाही. "एवढेच, पुढे नाही" हे सांगायचं काम फक्त करड्याचं. आणि ते तो तेव्हाच सांगतो, जेव्हा तुम्ही ते अक्षर उत्तरात आहे त्यापेक्षा जास्त वेळा टाकता.

अनघा_बडोदा

म्हणजे खालच्या कीबोर्डवर O हिरवा दिसत होता, तो "अजून वापरता येतो" असाच वाचायला हवा होता.

निवृत्त_गणित

हो. कीबोर्डच्या कळेवर त्या अक्षराला आतापर्यंत मिळालेला सगळ्यात चांगला रंग राहतो. सुमेधाताईंच्या कोड्यात L ला एका घरात करडा आणि एका घरात हिरवा मिळाला, पण कळ हिरवी दिसेल. म्हणून "L आहे की नाही" अशी शंका आली तर कीबोर्ड बघा, लगेच फिटेल. पण "L किती" हे कीबोर्ड कधीच सांगत नाही. त्यासाठी वरच्या ओळीच वाचाव्या लागतात.

ग्वाल्हेरचा_वसंत

हे वाचून मास्टरमाइंड आठवलं. रंगीत खुंट्यांचा खेळ, लहानपणी आमच्या घरी होता. तिथेही रंग दोनदा लावला की काळ्या-पांढऱ्या खुंट्यांवरून भांडणं व्हायची. नियम हाच: आधी जागेवर जुळलेले मोजायचे, मग उरलेल्यांतून बाकीचे. फरक इतकाच की तिथे कुठल्या घराला काळी खुंटी मिळाली ते कळत नसे, नुसती संख्या कळायची. वर्डल घराघराला रंग देतं, म्हणजे फार उदार आहे.

मीनल_लोकमान्यनगर

थोडा वेगळा प्रश्न. माझ्या बाबांना हिरवा आणि पिवळा यात फरक नीट दिसत नाही. रंगच ओळखता येत नसतील तर त्यांनी खेळू नये का?

पोहे_जलेबी

जरूर खेळावं. सेटिंगमध्ये High Contrast Mode आहे, तो चालू करा. हिरव्याच्या जागी नारिंगी आणि पिवळ्याच्या जागी निळा येतो. माझ्या सासऱ्यांना लावून दिलाय. फक्त एक काळजी घ्या. नारिंगी पाहून पिवळ्याची आठवण होते आणि माणूस उलटं वाचतो. पहिले काही दिवस कागदावर लिहून ठेवा: नारिंगी म्हणजे जागेवर, निळा म्हणजे जागा चुकली.

मीनल_लोकमान्यनगर

लगेच करून बघते. धन्यवाद दादा.

सुमेधा_रामबाग

आता माझ्या कोड्यावर परत येऊ का? अजून सोडवलेलं नाही, मुद्दाम थांबले आहे. शेवटी EL, त्याआधी तीन घरं रिकामी. R, A, I, S, V नाहीत. E आणि L आणखी नाहीत. वही घेऊन बसले आणि सुचले ते लिहिले: HOTEL, MOTEL, TOWEL, BOWEL, MODEL. JEWEL पण लिहिला होता, पण त्यात दोन E आहेत म्हणून खोडला. LIBEL मध्ये दोन L, आणि I तर आधीच गेला. NOVEL मध्ये V आहे, तोही गेला. अजून कुठले राहिले का?

निवृत्त_गणित

सुरेख. असंच वाचायचं. मला अजून DOWEL, YODEL आणि YOKEL दिसतात. एकूण आठ धरू. गंमत बघा, आठांतही दुसऱ्या घरात O आहे. O अजून एकदाही टाकलेला नाही, तरी तो जवळजवळ ठरलाच.

भिया_सुदामानगर

मी सरळ MOTEL टाकला असता. लागला तर लागला.

निवृत्त_गणित

टाकता येईल. पण आधी रंग वाचून बघू. HOTEL असेल तर T हिरवा. MODEL असेल तर M हिरवा. TOWEL असेल तर T पिवळा. पण BOWEL, DOWEL, YODEL, YOKEL या चारही शब्दांत M नाही आणि T नाही, म्हणून चौघांना अगदी सारखे रंग येतील. ते चार तुमच्यासमोर तसेच राहतील.

त्याऐवजी WIDTH टाकून बघा. हे उत्तर असूच शकत नाही, ठाऊक आहे. पण त्यात W, D, T, H चारही एकदम तपासले जातात. HOTEL असेल तर T आणि H पिवळे. MOTEL असेल तर फक्त T पिवळा. TOWEL असेल तर W आणि T पिवळे. BOWEL ला फक्त W पिवळा. DOWEL ला W आणि D पिवळे. MODEL आणि YODEL या दोघांत D तिसऱ्या घरात आहे, म्हणून D हिरवा. आणि पूर्ण ओळ करडी आली तर YOKEL. फक्त MODEL आणि YODEL एकमेकांपासून वेगळे होत नाहीत, बाकी सगळे होतात.

नवीन खेळाडू पूर्ण करडी ओळ बघून हिरमुसतो. इथे पूर्ण करडी ओळ म्हणजे थेट उत्तर आहे.

ग्वाल्हेरचा_वसंत

पण Hard Mode चालू असेल तर WIDTH घेणारच नाही. मिळालेली अक्षरं पुढच्या शब्दात वापरलीच पाहिजेत अशी त्यात अट आहे. हिरवा E आणि L जागेवर ठेवावे लागतील. मी कायम त्याच मोडमध्ये खेळतो. नवीन माणसाने तर तसंच खेळावं, रंग पाळायची सवय लागते.

निवृत्त_गणित

वसंतराव, इथे माझं मत वेगळं आहे. Hard Mode सुद्धा सगळं पाळायला लावत नाही. हिरवा तिथेच ठेवायला लावतो, पिवळं अक्षर कुठेतरी असायला हवं म्हणतो. पण पिवळं अक्षर तुम्ही पुन्हा त्याच चुकीच्या घरात ठेवलं तर अडवत नाही. करडं झालेलं अक्षर पुन्हा टाकलं तरी चालवून घेतो. म्हणजे रंग वाचायचे आपल्यालाच. नवख्याला WIDTH सारखी चाचणी करायची मोकळीक असलेली बरी.

ग्वाल्हेरचा_वसंत

चाचणीत ओळ घालवायची, हे माझ्या मनाला नाही पटत. सहाच तर ओळी असतात. असो, ज्याची त्याची पद्धत.

सुमेधा_रामबाग

WIDTH टाकला. W पिवळा, T पिवळा, बाकी करडे. मग TOWEL! चौथ्या ओळीत पाचही हिरवे. भाचीला फोन करून सगळं कारणासकट सांगितलं. तिला दोन फेऱ्यांचं माहीत नव्हतं.

अजून एक विचारते. मध्ये एकदा नुसते स्वर तपासावेत म्हणून AEIOU टाकला, तर ओळ हलली आणि रंगच आले नाहीत. ती ओळ वाया गेली का?

पोहे_जलेबी

नाही काकू. वर Not in word list असं दिसलं असेल. शब्द त्यांच्या यादीत नाही, म्हणून घेतलाच नाही. संधी जात नाही, अक्षरं पुसून दुसरा शब्द टाकायचा. रंग फक्त स्वीकारलेल्या शब्दाला येतात. आणि स्पेलिंग अमेरिकन असतं हे लक्षात असू द्या. 2022 मध्ये HUMOR उत्तर आलं होतं, आपण शाळेत त्यात U घालून सहा अक्षरी शिकलो.

अनघा_बडोदा

रोजच्या कोड्याबद्दल एक सांगते, काकू आता तिकडे वळतीलच. नवा शब्द आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री बाराला येतो आणि जगभर तोच असतो. माझी बहीण न्यू जर्सीला असते, तिच्याकडे तो आपल्यानंतर उघडतो. घरच्या ग्रुपवर शब्द लिहिलात तर तिचं कोडं फुटतं. फक्त रंगाचे चौकोन टाका, शेअरचं बटण तेवढेच पाठवतं.

सुमेधा_रामबाग

लक्षात ठेवीन. भाचीने दुसरं सरावाचं कोडं पाठवलंय. ALLOY टाकला आणि हे आलं:

🟨🟨🟩⬛⬛

उत्तर सांगू नका, मी वाचते, चुकलं तर सांगा. तिसऱ्या घरातला L हिरवा. तरीही दुसऱ्या घरातला L पिवळा, म्हणजे हिरव्याने एक L खर्च झाल्यावरही एक शिल्लक आहे. तेव्हा L किमान दोन. तो शिल्लक L दुसऱ्या घरात नाही, म्हणून पहिल्या, चौथ्या किंवा पाचव्यात. A आहे, पण पहिल्या घरात नाही. O आणि Y नाहीत. A आणखी एखादा असेल का, ते या ओळीवरून कळत नाही, कारण मी A एकदाच टाकला.

निवृत्त_गणित

एक अक्षरही कमी-जास्त नाही. A बद्दलचं शेवटचं वाक्य तर अनुभवी खेळाडूही विसरतात.

सुमेधा_रामबाग

मला VILLA आणि LILAC सुचले. आता दोघांना वेगळं करायला पुन्हा WIDTH सारखा चाचणीचा शब्द टाकू का?

निवृत्त_गणित

दोनच उरले असतील तर नको. सरळ एक टाका. लागला तर सुटलं, नाही लागला तर दुसरा तोच. चाचणीचा शब्द टाकलात तर तो स्वतः उत्तर नसल्याने एक ओळ नक्की जाणार. तीनाहून जास्त शब्द उरले आणि ते एकमेकांसारखे दिसत असले की चाचणी कामाची.

भिया_सुदामानगर

दोनच आहेत का पण? HALLS, CALLS, WALLS हेही बसतात. मूळ खेळाच्या उत्तरांत नुसता S लावलेली अनेकवचनं बहुतेक नसतात, पण इथे शब्द भाचीने निवडलाय. तिने तो नियम पाळला असेलच असं नाही.

सुमेधा_रामबाग

हे खरं आहे, तिचा भरवसा नाही. मग VILLA टाकते. S चे शब्द असतील तर त्याच्या रंगांवरून ते कळेल का?

निवृत्त_गणित

कळेल. HALLS सारखा शब्द असेल तर VILLA चे दोन्ही L हिरवे आणि शेवटचा A पिवळा येईल. LILAC असेल तर I हिरवा, तिसरा L हिरवा, आणि चौथा L व A पिवळे. टाका आणि ओळ इथे लिहा, आपण वाचू.